कार्डाच्या पानावरचं एकच बटण नीट करा

घरून शिवणकाम करत असाल आणि प्रोफाइलवर रोज तेच प्रश्न येत असतील, तर एक पानी कार्ड साइट बनवा. त्यावर काय शिवता, किती दिवस लागतात, दर कितीपासून आणि चार स्पष्ट फोटो, एवढं पुरे. खरी मेहनत घ्यायची ती व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर. नुसता नंबर दिला, की गिऱ्हाईक "हाय" लिहून थांबतं आणि विचारपूस पुन्हा आपल्याच गळ्यात पडते. त्याऐवजी बटणाला अशी लिंक द्या:

```
https://wa.me/<देशकोड><नंबर>?text=कपडा:%0Aतारीख:%0Aमाप:
```

इथे `%0A` म्हणजे नवी ओळ. बटण दाबताच तीन रिकाम्या ओळींचा मेसेज तयार दिसतो, गिऱ्हाईक तो भरूनच पाठवतं. देशकोडाआधी + किंवा शून्य नको, मध्ये मोकळी जागाही नको. नाहीतर नंबर चुकीचा असल्याचा संदेश येऊ शकतो. म्हणून लिंक दुसऱ्याच्या फोनवरून दाबून पाहा.

पानाला स्वतःचं डोमेन घ्याच. उद्या साइट दुसरीकडे हलवली, तरी त्या पत्त्याचा छापलेला क्यूआर कोड तोच चालतो. मात्र डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका, नाहीतर तोच कोड बंद पानावर नेईल.