लिस्टिंगमध्ये दुसऱ्याचा ब्रँड: या चुका टाळा

लातूर, परभणी, जालना, नांदेड, कुठलंही गाव घ्या, ऑनलाइन माल विकायला बसलेल्या नव्या पोरांचे फोन एकाच कारणानं येतात. "काका, लिस्टिंग उडाली. माल तर आपलाच होता." माल आपलाच असतो, हे मला मान्य आहे. पण टायटलमध्ये नाव दुसऱ्याचं असतं आणि तक्रार त्या नावावर होते, मालावर नाही. हा फरक समजला तर यातले निम्मे फोन बंद होतील.

बोलण्यातला शब्द जसाच्या तसा टायटलमध्ये टाकणं

आपल्याकडे विहीर खोदायची असो की शेततळं, येतो तो जेसीबीच. मशीन कुठल्या कंपनीचं आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून मुलांच्या पिवळ्या खेळण्याची लिस्टिंग करताना हात आपोआप `JCB Toy` असं टाइप करतो. पण जेसीबी हे एका ब्रिटिश कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे. मशीनचं खरं नाव बॅकहो लोडर, आणि पट्ट्यावर चालणाऱ्याचं एक्सकॅव्हेटर. खेळण्याच्या टायटलमध्ये `Excavator Toy` किंवा `Construction Truck Toy` लिहा. फोटोत पिवळं मशीन दिसतंच आहे, गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

"आपण मशीन कुठं विकतो, खेळणं विकतो" हा युक्तिवाद मी फार ऐकलाय. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते हे खरं. एकूण 45 वर्ग आहेत. वाहनं 12 मध्ये, कपडे आणि चपला 25 मध्ये, खेळणी 28 मध्ये. पण मोठ्या कंपन्या एकच नाव अनेक वर्गांत नोंदवून ठेवतात. शिवाय नाव देशात नावाजलेलं असेल तर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 29 त्याला दुसऱ्या प्रकारच्या मालावरही संरक्षण देतं. वर्ग वेगळा आहे म्हणून निवांत बसू नका.

वेल्क्रोचंही तेच. शाळेच्या बॅगा आणि मनगटाचे पट्टे विकणारे सगळे हा शब्द बिनधास्त लिहितात. तिथं `Hook and Loop` लिहायचं. भोकांच्या रबरी चपलेला `Clog` म्हणायचं, क्रॉक्स नाही. झाकणाच्या डब्याला `Airtight Container` म्हणायचं, टपरवेअर नाही. सगळं गाव एक शब्द वापरतं म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. तहसीलसमोरच्या प्रत्येक टपरीवर झेरॉक्स लिहिलेलं असतं. तरीही हा शब्द आता सामान्य झाला, त्याची नोंदणी काढून टाका, ही मागणी आपल्याकडच्या बौद्धिक संपदा अपील मंडळानं 2012 मध्ये फेटाळली होती.

माझी सवय अशी आहे. टायटल लिहिण्याआधी घाऊक व्यापाऱ्याचं बिल काढतो आणि त्यावर वस्तूचं नाव काय आहे ते बघतो. बिलावर बहुतेक वेळा साधं, कोणाच्याच मालकीचं नसलेलं नाव असतं. तरी शंका राहिली तर ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध आहे, फुकट आहे. तिथं `Wordmark` निवडा, `Contains` ठेवा, शब्द आणि वर्ग टाका. मग तोच शब्द `Phonetic` निवडून परत शोधा, कारण उच्चार सारखा असणारी नावं तिथंच सापडतात. निकालात `Registered` दिसलं तर तो शब्द सोडून द्या. `Objected` किंवा `Opposed` दिसलं तर अर्ज अजून लढतोय असं समजा आणि तरीही सोडा. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते, त्यामुळे "जुनं नाव आहे, संपलं असेल" असा अंदाज बांधू नका.

गाडीच्या कंपनीचं नाव पुढं आणि आपला माल मागं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. आमच्या नात्यातल्या एका पोरानं लातुरात गंजगोलाईजवळ दुचाकीच्या रेक्झिनच्या सीट कव्हरचं काम सुरू केलं. शिलाई चांगली, कापड जाड, पावसात पाणी आत जात नाही. मी स्वतः गाडीला लावून बघितलंय. त्यानं लिस्टिंगचं टायटल असं ठेवलं होतं:

```
<Company> Original Seat Cover <Model> 125
```

ब्रँडच्या रकान्यातही गाडीच्या कंपनीचंच नाव होतं. फोटोत कव्हरच्या मागच्या बाजूला त्या कंपनीचं चिन्ह धाग्यानं काढलेलं स्पष्ट दिसत होतं. वेगवेगळ्या मॉडेलसाठी हाच मजकूर कॉपी करून त्यानं भराभर लिस्टिंग टाकल्या. दिवाळीच्या तोंडावर माल खपायला लागला आणि तेव्हाच तक्रार आली. सगळ्या लिस्टिंग एका झटक्यात बंद.

इथं थांबला असता तरी निभावलं असतं. त्यानं मॉडेलच्या नावातलं एक अक्षर बदललं आणि तोच माल नव्या लिस्टिंगवर चढवला. त्याचा मित्र म्हणाला होता की असं सगळेच करतात. दुसरी तक्रार आली तेव्हा खातंच बंद झालं आणि खात्यातले पैसे अडकले. शिवलेला माल घरात पडून राहिला, कारागिरांची मजुरी मात्र द्यायचीच होती. हे बघून मला अजूनही वाईट वाटतं, कारण कव्हर खरंच चांगलं होतं. दोन दिवसांत शंभर ऑर्डर पाहिजेत ही घाई या पोरांना नडते, आणि "सगळेच करतात" सांगणारा मित्र नुकसानीच्या वेळी फोन उचलत नाही.

यात कळकळीनं सांगायची गोष्ट ही की गाडीचं नाव लिहायला बंदी नाहीच. कव्हर कुठल्या गाडीला बसतं हे सांगितल्याशिवाय ते विकणार कसं? कायद्याच्या कलम 30 मध्ये सुटे भाग आणि अॅक्सेसरीज यांच्यासाठी सवलत आहे. माल ज्या वस्तूला बसतो तिचं नाव गरजेपुरतं लिहिता येतं, पण माल त्याच कंपनीचा आहे असा गैरसमज होता कामा नये. म्हणजे सगळा प्रश्न नाव कुठं आणि कसं लिहिलंय याचा आहे. त्याचं टायटल आम्ही बसून असं बदललं:

```
<Own Brand> Rexine Seat Cover, Black, Waterproof, for <Model> 125
```

आपलं नाव पहिलं, मग वस्तू, मग तिचे गुण, आणि शेवटी `for` लावून गाडी. `for` हा छोटा शब्द गाळला की वाक्याचा अर्थच फिरतो. त्याच्याऐवजी `compatible with` चालेल. `Original` काढलं, आणि `Genuine` सुद्धा लिहायचं नाही, कारण हे शब्द माल गाडीच्या कंपनीचा असल्याचा दावा करतात. ब्रँडच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. नाव नसेल आणि साइट `Generic` चालवून घेत असेल तर ते लिहावं. धाग्याचं चिन्ह उसवून नवे फोटो काढले, कारण चिन्ह मालावरच असेल तर टायटल कितीही स्वच्छ करून उपयोग नाही. कलम 30 ची सवलत नाव सांगण्यापुरती आहे, दुसऱ्याचं चिन्ह मालावर काढण्यासाठी नाही. वर्णनात एक वाक्य घातलं की हे कव्हर आम्ही बनवलेलं आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीचं किंवा तिनं मान्यता दिलेलं नाही. आणि कव्हर खरंच बसत असेल त्याच मॉडेलचं नाव लिहिलं. गिऱ्हाईक वाढावं म्हणून पाच मॉडेल ठोकून दिली तर परत येणारा मालही वाढतो आणि तक्रारही.

स्पेलिंग बदलून पळवाट

एक `d` जास्त, `i` च्या जागी `y`, मधे टिंब, किंवा इंग्रजी नाव देवनागरीत. यातलं काहीच वाचवत नाही. कायदा अक्षरं मोजत नाही, फसगत होईल का हे बघतो. 1962 साली सुप्रीम कोर्टापुढं अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांची नावं आली. अमृत आणि लक्ष्मण यांत काय साम्य? तरी कोर्ट म्हणालं की साधं गिऱ्हाईक नाव अर्धवट लक्षात ठेवतं, पूर्ण नाव एकत्र ऐकून त्याची गल्लत होऊ शकते. तिथं इतकं साम्य पुरलं, तर एका अक्षराच्या फरकानं तुमचं काय होणार?

बाकीच्या

`type`, `style`, `inspired by` लावून ब्रँडचं नाव लिहिलं तरी नाव वापरलंच.

`First copy` लिहिणं म्हणजे स्वतःच्या हातानं कबुलीजबाब लिहून देणं. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं कलम 104 प्रमाणे गुन्हा आहे आणि त्यात किमान सहा महिने कैद सांगितली आहे. असा माल विकूच नका, मी त्यात मदत करत नाही.

गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या `Search Terms` च्या रकान्यात दुसऱ्यांचे ब्रँड भरू नका. गिऱ्हाइकाला दिसत नाही, साइटला दिसतं.

पैठणीचं वेगळं आहे. ते कोणा कंपनीचं नाव नाही, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा कायदा निराळा. छापील किंवा दुसऱ्या राज्यात यंत्रावर निघालेल्या साडीला नुसतं पैठणी म्हणू नका. मोराची छापील नक्षी असेल तर तसं सरळ लिहा. पैठणच्या मागावर महिनोन्महिने बसणाऱ्या विणकराच्या पोटावर पाय येतो, याचं मला लिस्टिंग उडण्यापेक्षा जास्त वाटतं.

तक्रार आलीच तर

पहिल्या दिवशी नवी लिस्टिंग टाकू नका. नोटीस पूर्ण वाचा. तक्रार ट्रेडमार्कची आहे, फोटोच्या कॉपीराइटची आहे की नकली मालाची, हे आधी बघा, कारण तिन्हींची उत्तरं वेगळी. फोटोची असेल तर फोटो काढा आणि स्वतः काढलेले टाका. नकली मालाचा आरोप असेल तर खरेदीची जीएसटी बिलं लागतात. ती नसतील तर बोलण्यात अर्थ नाही. ट्रेडमार्कची असेल तर तो शब्द तुमच्या बाकीच्या सगळ्या चालू लिस्टिंगमधून त्याच दिवशी काढा, नाहीतर उत्तर लिहीपर्यंत दुसरी तक्रार येते.

मग नोटिशीत तक्रारदाराचा ईमेल असतो, त्याला लिहा. तक्रारीचा नंबर, लिस्टिंगचा नंबर, जुनं टायटल, बदललेलं टायटल आणि तक्रार मागं घेण्याची विनंती, एवढंच. गरिबीची कहाणी नको, वकिली भाषा नको. त्यानं मागं घेतली तर ते पत्र साइटला जोडून पाठवा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर एकदा आठवण करा, आणि तोवर बंद झालेल्या लिस्टिंगला हात लावू नका.