तीन मिनिटांत किती शब्द मावतात? स्वतःच्या बोलण्यावरून काढा

व्हिडिओला वेळेची मर्यादा असली की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'मिनिटाला दीडशे शब्द धरा.' तीन मिनिटांचे साडेचारशे शब्द झाले, आता लिहायला बसा. मराठी व्हिडिओसाठी हा हिशोब धरलात तर रेकॉर्डिंग चार मिनिटांच्या आसपास जाईल आणि मग एडिटिंगला बसून एकेक श्वास कापत बसाल. मी बसलो आहे.

दीडशेचा आकडा इंग्रजीचा आहे. 'घरासमोरच्या झाडाखालून' हे आपले दोन शब्द इंग्रजीत सांगायला नऊ लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे आपला शब्द लांब असतो आणि मिनिटात त्यातले कमीच बसतात. बरं, 'मग मराठीचा आकडा सांगा' असं म्हणाल, तर तोही मी देणार नाही. माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तुमचा तुम्हालाच काढायला लागेल, आणि सगळी मेख तिथेच आहे. बाकीचं नुसतं गुणाकार-भागाकाराचं काम आहे.

आधी आकडे आणि खुणा अक्षरांत लिहा

मोजणी सुरू करण्याआधी स्क्रिप्टमधला प्रत्येक आकडा जसा बोलणार तसा लिहून काढा. सायकलच्या टायरचं माप '२६×१.९५' असं लिहिलं तर कॉम्प्युटर तो एक शब्द मोजतो. तोंडाने मात्र 'सव्वीस बाय एक पॉइंट नऊ पाच' असे सहा शब्द बोलावे लागतात. '१०-१५ मि.' हे कागदावर दोन शब्द, बोलताना चार. हे केलं की रेकॉर्डिंगच्या वेळी अडखळणंही कमी होतं, तो फायदा वेगळाच.

आपला वेग मोजणं: इथेच सगळे चुकतात

मी सुरुवातीला काय करायचो? खुर्चीत बसून, स्टॉपवॉच लावून, स्क्रिप्ट मनात वाचायचो. एका स्पर्धेसाठी तीन मिनिटांची मर्यादा होती. मनातल्या मनात वाचून २ मिनिटं ४० सेकंद झाले, म्हणून मी निर्धास्त. रेकॉर्ड केल्यावर भरले ३ मिनिटं २५ सेकंद. मनात वाचताना जीभ वळवावी लागत नाही, श्वास घ्यावा लागत नाही, वाक्य संपल्यावर थांबावं लागत नाही. पुटपुटून वाचणंही तसंच फसवं. त्यामुळे पहिला नियम: ज्या स्थितीत अखेर रेकॉर्ड करणार, त्याच स्थितीत मोजायचं. उभं राहून बोलणार असाल तर उभं राहून, माइक चालू ठेवून, पूर्ण आवाजात. हाताने काम करत करत कॅमेऱ्यासमोर बोलणार असाल तर काम करत करत. तसं बोलताना माणूस हातातल्या वस्तूकडे बघतो आणि वाक्याच्या मध्येच थांबतो, त्यामुळे वेग चांगलाच उतरतो. नंतर शांतपणे बसून आवाज देणाऱ्याचा आकडा त्याला चालणार नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. वर्तमानपत्रातला उतारा किंवा हाताला लागलेलं पुस्तक घेऊ नका. 'आता ती ट्यूब बाहेर काढा' हे पाच शब्द आणि 'प्रमाणीकरणाच्या प्रक्रियेदरम्यान' हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. वेळेत फार फरक नाही. जड भाषेचा नमुना मोजून साध्या भाषेची स्क्रिप्ट लिहिलीत, तर व्हिडिओ मर्यादेच्या बराच आधी संपेल. उलट केलंत तर मर्यादा ओलांडेल. सर्वांत चांगला नमुना म्हणजे याच स्क्रिप्टच्या कच्च्या खर्ड्यातला मधला भाग. सुरुवातीचा नको, कारण पहिली पाच-सहा वाक्यं आपण नेहमीच वेगळ्या लयीत बोलतो.

नमुना किमान दोनशे शब्दांचा हवा. पन्नास शब्दांत भागवायचा मोह मलाही होतो. पण पन्नास शब्दांना साधारण २७ सेकंद लागत असतील आणि त्यात एकदा दोन सेकंद जास्त थांबलात, तर चूक सात टक्क्यांच्या वर गेली. तीन मिनिटांत तेच १३ सेकंद होतात. दोनशे शब्दांच्या नमुन्यात ते दोन सेकंद विरून जातात.

नमुना तीनदा रेकॉर्ड करा. पहिली फेरी सरळ टाकून द्या, ती फक्त तोंड मोकळं करण्यासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतली जी संथ असेल ती धरा, सरासरी काढू नका. सरासरी काढली की दर दुसऱ्या रेकॉर्डिंगला तुम्ही अंदाजापेक्षा संथच असणार. वेळ स्टॉपवॉचवर घेऊ नका. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लाट दिसते, तिच्यावर पहिला शब्द सुरू होतो तिथपासून शेवटचा संपतो तिथपर्यंत मोजा. अडखळून एखादं वाक्य परत म्हटलं असेल तर तेवढं कापून मगच मोजा. वाक्यांमधलं नेहमीचं थांबणं मात्र कापायचं नाही, ते तुमच्या वेगाचाच भाग आहे. काही जण हे थांबणं धरून वेग काढतात आणि वर पुन्हा 'विरामासाठी दहा टक्के' वजा करतात. त्यांचा व्हिडिओ वीस सेकंद आधीच संपतो आणि मग शेवटी उगाच संगीत वाजत राहतं.

शब्द मोजायचे की अक्षरं, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत: नमुना आणि स्क्रिप्ट एकाच धाटणीची असेल तर शब्द पुरतात. धाटणी मध्येच बदलत असेल, म्हणजे अर्धी स्क्रिप्ट गप्पांची आणि अर्धी तांत्रिक, तर अक्षरांकडे वळा. फक्त एक ध्यानात ठेवा. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर आहे, पण बरीच सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्त वेगळे धरून त्याची सहा चिन्हं मोजतात. त्याने बिघडत काहीच नाही, अट एवढीच की नमुनाही त्याच सॉफ्टवेअरने मोजलेला हवा. आपल्याला गुणोत्तर हवं आहे. नमुना एकात आणि स्क्रिप्ट दुसऱ्यात मोजली की ते गेलं.

आता गणित

माझ्या एका व्हिडिओचे आकडे देतो. विषय सायकलचं पंक्चर काढण्याचा, मर्यादा तीन मिनिटं, आवाज नंतर दिलेला. नमुना २१४ शब्दांचा होता. दुसऱ्या फेरीत १ मिनिट ५४ सेकंद, तिसऱ्या फेरीत १ मिनिट ५८ सेकंद. धरले ११८ सेकंद.

मग १८० सेकंदांतून बिनबोलण्याची जागा काढली. सुरुवातीचं शीर्षक ४ सेकंद, शेवटची पाटी ६. ट्यूब पाण्यात धरल्यावर बुडबुडे कुठून येतात हे बघणाऱ्याला शांतपणे दिसलं पाहिजे, त्याचे ८. पॉलिश पेपरने घासण्याचे ५. एकूण २३. सोल्यूशन वाळण्याचा वेळ यात नाही, तिथे शॉट कापून वर बोललो. अशा जागा आधीच न ठरवता 'एडिटिंगला बघू' म्हणणाऱ्यांचंच वेळापत्रक कोसळतं. शिवाय ५ सेकंद राखीव ठेवले. उरले १५२.

```
शब्द = उरलेले सेकंद × नमुन्याचे शब्द ÷ नमुन्याचे सेकंद
     = 152 × 214 ÷ 118
     = 275
```

म्हणजे माझं बजेट २७५ शब्दांचं. साडेचारशे कुठे आणि २७५ कुठे!

खर्डा मोजला तर कॉम्प्युटरने ३२६ दाखवले. आकडे अक्षरांत लिहिल्यावर ते ३४१ झाले. टायरचं माप दोनदा आलं होतं, त्याचेच दहा शब्द वाढले. हवेचा दाब, वाळण्याची मिनिटं आणि एक टक्केवारी यांचे पाच. हे १५ शब्द म्हणजे माझ्या वेगाने आठ सेकंद, आणि राखीव पाचच होते. ३४१ शब्दांना १८८ सेकंद, वर ते २३. एकूण ३ मिनिटं ३१ सेकंद. रेकॉर्ड करण्याआधीच कळलं की ६६ शब्द जायला हवेत.

कापताना

विशेषणं वेचून ६६ शब्द निघत नाहीत. निघाले तरी वाक्यं खुरटी होतात आणि ती बोलताना जास्त थांबावं लागतं. एक अख्खा मुद्दा काढा. मी पॅच कोणता घ्यावा यावरचा ४८ शब्दांचा परिच्छेद काढला आणि 'नमस्कार मंडळी'पासून सुरू होणारी २१ शब्दांची प्रस्तावना काढली. राहिले २७२. त्यांचे १५० सेकंद, अधिक २३, म्हणजे २ मिनिटं ५३ सेकंदांचा अंदाज.

'जरा भरभर बोलीन, बसेल' असं म्हणू नका. पहिली तीन वाक्यं भरभर होतात, चौथ्यापासून माणूस आपल्या मूळ चालीवर येतो, आणि भरभर म्हटलेली वाक्यं बाकीच्यांशी जुळत नाहीत म्हणून ती परत रेकॉर्ड करावी लागतात. सॉफ्टवेअरने आवाजाचा वेग वाढवणं हा शेवटचा उपाय. १.०५ पट केलेलं माझ्या कानाला कळत नाही, १.१५ ला मात्र माणूस गाडी पकडायला निघालाय असं वाटतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

स्क्रिप्टच्या समासात दर परिच्छेदाशेजारी तिथपर्यंत किती वेळ व्हायला हवा ते लिहून ठेवा. माझ्या स्क्रिप्टवर बुडबुड्यांच्या परिच्छेदाशेजारी १:१० होतं आणि मी तिथे १:१३ ला पोचलो. तीनच सेकंद मागे होतो, म्हणून पुढे गेलो. दहा सेकंद मागे असतो तर तिथेच थांबून पुढचं एखादं वाक्य काढलं असतं. पूर्ण होईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही, वेग मध्यात सुधारत नसतो.

तयार व्हिडिओ २ मिनिटं ५६ सेकंदांचा झाला. ते तीन सेकंद तसेच राहिले, तरी राखीव पाचांतले चार शिल्लक.

एक्सपोर्ट झाल्यावर फाइलची लांबी एकदा बघा, टाइमलाइनवर भरवसा ठेवू नका. टाइमलाइनच्या टोकाला एखादा संगीताचा तुकडा किंवा काळी पट्टी विसरून राहिली तर फाइल तेवढी लांब होते. प्लेअर ३:०० दाखवतो तेव्हा खरी लांबी तीन मिनिटं आणि अर्धा सेकंदही असू शकते, आणि मर्यादा तपासणारं यंत्र त्या अर्ध्या सेकंदासाठीही फाइल परत पाठवतं. म्हणून प्लेअरवर २:५८ च्या वर आकडा दिसला की मी परत टाइमलाइनवर जातो आणि शेवटच्या पाटीचे दोन सेकंद कापतो.