'च' नेमका कुठे बसतो? व्यंजनांचा तक्ता वाचायला बसणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये राहून भाषाशास्त्राची तयारी करायची म्हणजे बरंचसं एकट्यानेच. एम.ए. मराठीला ध्वनिविचाराची एक-दोन प्रकरणं वाट्याला येतात. त्यापुढे स्वतंत्र विभाग हवा असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेज गाठायचं, नाहीतर सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, बसून मिळेल ते पुस्तक उलथापालथं करायचं. मी दुसरा रस्ता धरला. म्हणून हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी. उच्चारस्थान म्हणजे काय, घोष-अघोष म्हणजे काय, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

आधी एक सरळ सांगते. आयपीएचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा, तक्ता पाठ करू नका. यूट्यूबवर 'दहा मिनिटांत तक्ता' शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांची गाणी आणि आद्याक्षरांच्या युक्त्या परीक्षेच्या सकाळपर्यंत टिकतात. प्रश्न जरा फिरवून आला की सगळं सांडतं. तक्ता तोंडात बसवायचा असतो, आणि मराठी माणसाला ते अवघड नाही, कारण एक तक्ता आपण पहिलीतच शिकलेलो असतो.

वर्णमाला तक्ताच आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग ही उच्चारस्थानं ओळींत, आणि क ख ग घ ङ हे प्रयत्नातले फरक आडवे. आयपीएने तोच कागद फिरवला आहे. तिथे उच्चारस्थानं वर, स्तंभांत. प्रयत्न, म्हणजे हवा अडवण्या-सोडण्याची तऱ्हा, डावीकडे, ओळींत. दिशाही उलटी. आपण घशापासून सुरू करून ओठांशी थांबतो, तो तक्ता ओठांपासून सुरू होतो आणि उजवीकडे कंठात संपतो. डावीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं डोकं उभं कापलेलं चित्र शेजारी काढा, स्तंभ आपोआप जागेवर पडतात. एका चौकटीत दोन चिन्हं असली तर डावं अघोष, उजवं घोष. चौकट करडी असेल तर तो उच्चार अशक्य मानला आहे.

'प' आणि 'ब' पहिल्या चौकटीत मिळाले, 'म' त्यांच्या खालीच नासिक्यांच्या ओळीत मिळाला, की जीव भांड्यात पडतो. मग 'त' शोधायला जाल तर स्फोटकांच्या ओळीत `t d` ही जोडी दंत्य, दंतमूलीय आणि पश्चदंतमूलीय अशा तिन्ही स्तंभांखाली पसरलेली दिसेल. आपला 'त' दातांना टेकतो, म्हणून त्याच्याखाली छोटं चिन्ह देऊन `[t̪]` लिहायचं. नुसता `[t]` हा साधारण इंग्रजी माणसाचा, दातांमागच्या हिरडीवरचा. आपल्या कानाला तो 'ट'सारखा लागतो. मल्याळममध्ये 'त', हा `[t]` आणि 'ट' असे तिन्ही वेगळे आहेत. दंत्य 'कुत्ति' म्हणजे भोसकलं, मूर्धन्य 'कुट्टि' म्हणजे मूल, आणि मधल्या दंतमूलीय उच्चाराचा तोच शब्द म्हणजे खुंटी. हा मधला उच्चार देवनागरीत लिहायची सोयच नाही. मल्याळम बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर हे तीन शब्द ओळीने म्हणायला लावा आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहा.

आता खरी गोम. माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

'च' कुठे आहे? शाळेतलं उत्तर तयार असतं: च-वर्ग तालव्य, आणि 'क' ते 'म' पंचवीसही व्यंजनं स्पर्श, म्हणजेच स्फोटक. म्हणून तुम्ही तालव्य स्तंभ आणि स्फोटकांची ओळ जिथे मिळते तिथे जाता. तिथे `c` बसलेला असतो. अक्षरही रोमन 'सी', 'च'शी नातं सांगणारं. बोट ठेवता आणि पुढे जाता. एका क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये हेच छापलेलं होतं आणि ते वाचून मुलं वर्षानुवर्षं तसंच लिहीत होती.

मराठीचा 'च' त्या चौकटीत नाही. `[c]` म्हणजे जिभेचा मधला फुगवटा कठोर टाळूला चिकटवून झटक्यात सोडणं. ऐकायला 'क्य' आणि 'त्य' यांच्या मधलं काहीतरी. हंगेरियन भाषेत तो आहे. आपण 'चार' म्हणतो तेव्हा आधी हवा पूर्ण अडते आणि मग एकदम न सुटता 'श'सारखी घासत बाहेर पडते. अडणं आणि घासणं, दोन्ही एकाच व्यंजनात. याला अर्धस्फोटक म्हणतात, आणि मुख्य तक्त्यात अर्धस्फोटकांची ओळच नाही! ते दोन चिन्हं वरच्या कमानीने जोडून लिहायचे असतात, `[t͡ʃ]` किंवा `[t͡ɕ]`. त्याबद्दलची ओळ तक्त्याखाली, 'इतर चिन्हं' या भागात बारीक अक्षरांत असते. तिथवर कुणी जात नाही.

घोळ इथे संपत नाही. भारतीय भाषांवरच्या पुष्कळ व्याकरणांत लेखक `c` हे चिन्ह 'च'साठीच वापरतात, कारण संस्कृत रोमनमध्ये लिहायची ती जुनी पद्धत आहे. त्याच पुस्तकात `j` म्हणजे 'ज' असतो. आयपीएत मात्र `[j]` म्हणजे 'य'. एकाच संध्याकाळी दोन पुस्तकं वाचलीत तर डोकं भणाणेल. उपाय एकच: पुस्तक उघडलं की आधी चिन्हांची यादी बघा. यादी नसेल तर `y` शोधा. 'य'साठी `y` लिहिला असेल तर ते आयपीए नव्हे, कारण आयपीएत `[y]` हा स्वर आहे.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, स्वतः ऐका. प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात 'आटा' आणि 'आचा' रेकॉर्ड करा. खोलीची खिडकी लावा, कॉलेज रोडचे हॉर्न सगळं बुडवतात. फाइल WAV ठेवा. मग आवाजाची आधी `Copy...` करून प्रत काढा, कारण पुढचा बदल मूळ फाइलवरच होतो, आणि `Modify` मधून `Reverse` द्या. उलटा 'आटा' साधारण 'आटा'च ऐकू येतो. उलटा 'आचा' मात्र 'आश्ता'सारखा येतो: आधी घर्षण, मग अडणं. 'च' जर निव्वळ स्फोटक असता तर हा 'श' आला कुठून?

आता 'चारा' घ्या. चार आणि चारा, दोघांचा 'च' वेगळा आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. व्याकरणात दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात. 'आ'च्या मध्ये तो घालून उलटा केलात तर 'आस्ता'सारखं ऐकू येईल, म्हणजे घर्षण 'स'चं, आणि लिहायचा `[t͡s]`. नावात 'तालव्य' आहे म्हणून त्याला तालव्य स्तंभाकडे ओढू नका, तो दातांच्या बाजूचा आहे. 'त्याचा' आणि 'त्याची' लागोपाठ म्हणून बघा. प्रत्यय तोच, पण 'ई' समोर आली की जीभ मागे सरकते आणि `[t͡s]` चा `[t͡ʃ]` होतो. 'ज' आणखी लबाड. 'जर', 'जाड' यांत कुणी `[d͡z]` म्हणतं, कुणी हवा न अडवता नुसता `[z]`. पहिला तक्त्याबाहेर, दुसरा घर्षकांच्या ओळीत. ओळखायचं कसं? लांबवून बघा. सुरुवातीपासून गुणगुणत लांबवता आला तर घर्षक.

प्राटच्या स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, हे दोन 'च' बघायला गेलात आणि दुसऱ्याचं घर्षण फिकं दिसलं तर घाबरू नका, उच्चारात खोट नाही. प्राट सुरुवातीला 5000 हर्ट्झपर्यंतच दाखवतं आणि 'स'चा जोर बराचसा त्याच्या वर असतो. `Spectrogram settings...` मध्ये वरची मर्यादा 10000 करा, काळा पट्टा उगवेल.

स्थानाची खात्री करायला कोळसा लागतो. मेडिकलमधून अॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड आणायची, थोड्या खाद्यतेलात कालवायची, जिभेच्या शेंड्याला आणि पुढच्या भागाला लावायची. मग एकदाच 'आता' म्हणायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि छोटा आरसा आत धरून टाळूचा फोटो काढायचा. चूळ भरून 'आटा', पुन्हा चूळ भरून 'आचा'. 'त'चा काळा डाग दातांच्या मागच्या बाजूला येतो. 'ट'चा मागे येतो आणि दातांजवळची जागा स्वच्छ राहते. 'च'चा हिरडीच्या उंचवट्याच्या जरा मागे, रुंद पसरतो. 'आ'च घ्यायचा, कारण त्यात जीभ टाळूला लागत नाही. 'ई' घेतलीत तर कडेचे डाग सगळं चित्र बिघडवतात. बेसिन घासून ठेवा, नाहीतर घरात बोलणी बसतील.

महाप्राणांबद्दल थोडक्यात. तक्त्याच्या चौकटीत दोनच जागा, आणि आपले प फ ब भ चार. बाकीचे दोन चिन्ह जोडून लिहायचे, `[pʰ]` आणि `[bʱ]`. दुसऱ्यातली खूण वेगळी आहे, कारण 'भ'मध्ये स्वरतंत्री कंप पावत असतानाच हवा निसटते. यापेक्षा जास्त अवघड त्यात काही नाही.

मार्गदर्शक निवडायचा असेल तर माझं मत ऐका: जो फळ्यावर चिन्ह काढण्याआधी आवाज काढून दाखवतो त्याच्याकडे जा. जो 'हे असंच लिहा, मार्क मिळतात' म्हणतो त्याच्याकडे फी भरू नका.

तक्ता हाताशी आला की तो घरच्या बोलण्यावर चालवून बघा. आपल्या जिल्ह्यात मालेगाव, सटाण्याकडे अहिराणी कानावर पडते. तिथे डोळ्याचा 'डोया' होतो, काळ्याचा 'काया'. नाशकात याला सर्रास अशुद्ध म्हणून हसतात. तक्त्यावर बघा काय झालंय ते. 'ळ' म्हणजे `[ɭ]`: मूर्धन्य स्तंभ, पार्श्विकांची ओळ, तक्त्यातली सगळ्यात खालची. 'य' म्हणजे `[j]`: तालव्य स्तंभ, आणि ओळ पार्श्विकांच्या लगेच वरची. म्हणजे एक घर उजवीकडे, एक घर वर. घोष तसाच राहिला, हवा न घासता वाहणंही तसंच राहिलं. बदललं एवढंच की जिभेच्या कडांवरून जाणारी हवा मधून जायला लागली आणि जीभ जराशी मागे उचलली गेली. शहरातली काही लहान मुलं 'ळ'ऐवजी 'ल' म्हणतात, तेव्हा ओळ तीच राहते आणि बोट फक्त डावीकडे सरकतं.