पार्सल शाबूत, कोपरा दुमडलेला: पुस्तकं पाठवताना या चुका टाळा

फोंड्याहून नागपूरला पाठवलेल्या एका जुन्या, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाचा फोटो गिऱ्हाइकाने पाठवला, तेव्हा माझा पहिला राग टपालावर निघाला. खोका धड होता, टेप जशीच्या तशी होती आणि आत पुस्तकाचा खालचा कोपरा मात्र कुणी चिमटीत धरून पिरगळल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तशाच खोक्यात तेवढ्याच वजनाचं पुस्तक ठेवून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मी तो पाच मिनिटं हलवला. बोळे चेपून बसले आणि पुस्तक आत धडधडायला लागलं. म्हणजे बाहेरून कुणी मारलंच नव्हतं. नऊशे ग्रॅमचं पुस्तक प्रवासभर स्वतःच खोक्याच्या भिंतीवर आपटत गेलं होतं, आणि आपटताना सगळं वजन एका कोपऱ्यावर येत होतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. कोपरा जाड वेष्टनाने वाचत नाही. पुस्तक जागचं हललं नाही आणि कोपऱ्याच्या पुढे थोडी रिकामी जागा राहिली, तर तो वाचतो.

पुठ्ठा पुस्तकाच्या मापाने कापणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण ती नीटनेटकी वाटते. पुस्तकाच्या वर-खाली त्याच मापाचे दोन पुठ्ठे, वरून बबल रॅप, वरून कागद. अशा पाकिटात पुस्तकाची पानं आणि पाठ सुरक्षित असते, पण कोपरा नेमका पुठ्ठ्याच्या कडेशी येतो. पाकीट कोपऱ्यावर पडलं की मार थेट पुस्तकाला बसतो.

पुठ्ठा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा कापा. पाकीट पडलं की आधी तो वाढीव पुठ्ठा चेपतो, आणि तो चेपण्यासाठीच ठेवलेला आहे. नालीदार पुठ्ठ्याच्या नाल्या ज्या दिशेने जातात, त्यांना समांतर तो सहज दुमडतो. म्हणून एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. दोन्ही एका दिशेने ठेवले, तर पाकीट एका बाजूने वहीसारखं वाकतं आणि पुस्तकही सोबत वाकतं.

क्रम असा ठेवतो: आधी पुस्तक पातळ प्लास्टिक पिशवीत, मग बबल रॅपचे दोन वेढे. ही गुंडाळी खालच्या पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध ठेवून टेपच्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्यांनी जखडायची. टेप बबल रॅपला लागते, पुस्तकाला नाही. हे जखडणं विसरलात तर दोन सेंटिमीटरची जागा उलट धोक्याची, कारण पुस्तक घसरत कडेला येतं आणि आपटायला त्याला धाव मिळते. मग वरचा पुठ्ठा आणि कडांना टेप.

पुस्तक दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल, तर दोन्ही पुठ्ठ्यांच्या कडा एकमेकींकडे ओढून चिकटवू नका. त्या वाकून कोपऱ्यांवरच दाबतात. उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या गुंडाळून त्या मोकळ्या जागेत चौकटीसारख्या बसवा आणि मग टेप लावा.

बबल रॅपच्या बाबतीत एक. फुगे पुस्तकाकडे ठेवले आणि मुखपृष्ठ गुळगुळीत, चकचकीत असलं, तर मे महिन्याच्या उन्हात त्यावर गोल ठसे उठू शकतात. प्लास्टिक पिशवी आधी हवी, त्याचं हेही एक कारण.

झालेलं पाकीट कानाशी धरून हलवा. आवाज आला तर उघडा. मग टेबलाच्या उंचीवरून एकदा मुद्दाम कोपऱ्यावर टाका. ज्याची हिंमत होत नाही, त्याने ते पोस्टातही देऊ नये.

बारमधला खोका आहे तसाच वापरणं

गोव्यात पुठ्ठ्याला तोटा नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये मागितलं तर फेणी-बियरचे खोके फुकट मिळतात, आणि पुठ्ठाही चांगला जाड असतो. कापून वापरायला उत्तम. तसाच्या तसा वापरला, तर खिशाला फटका बसतो.

कुरियरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, आलेला आकडा किलोत. तो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर पैसे त्याचे. चार खंडांचा एक संच मी ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात पाठवला होता. गुणाकार २४,०००, भागून ४.८ किलो. पुस्तकं होती दोन किलोची. उरलेले २.८ किलो म्हणजे हवा आणि वर्तमानपत्राचे बोळे, आणि त्याच बोळ्यांनी कोपरेही वाचवले नसते. तोच खोका कडांवर चिरून पुस्तकाच्या उंचीपर्यंत खाली दुमडला असता, तर दोन्ही प्रश्न सुटले असते.

पॅक केल्यावर वजन न करणं

पुस्तकाचं वजन करून टपालखर्च सांगायचा, आणि काउंटरवर पाकीट पुढच्या टप्प्यात गेलं की फरक आपल्या खिशातून भरायचा. मी हे वर्षभर केलं.

टपाल खात्याची स्वस्त बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झाली. रस्त्याने-रेल्वेने जाते, माग काढता येतो. जाहीर झालेले दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, आणि चढत पाच किलोला १००. कर वेगळा. दर बदलू शकतात, काउंटरवर ताजे विचारून घ्या. पण टप्प्यांचं गणित तेच राहतं.

एक खरं पाकीट घेऊ. पुस्तक १४ बाय २१.५ सेंटिमीटर, पावणेदोन सेंटिमीटर जाड, वजन ४०५ ग्रॅम. चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर सोडले की पुठ्ठे १८ बाय २५.५ चे. बारच्या पाच पदरी खोक्यातून कापले, ते दोन मिळून ६५ ग्रॅम भरले. बबल रॅप १८, पिशवी ४, टेप १२, बाहेरचा खाकी कागद १५. एकूण ५१९. एकोणीस ग्रॅमसाठी पाकीट वरच्या टप्प्यात.

इथे लोक सहसा बबल रॅपचा एक वेढा काढतात. तसं करू नका. त्यात नऊच ग्रॅम वाचतात आणि पुस्तक सैल होतं. वजन पुठ्ठ्यात आहे. किराणा दुकानातल्या बिस्किटांच्या खोक्याचा तीन पदरी पुठ्ठा त्याच मापात कापला, तर दोन्ही मिळून ३७ ग्रॅम. टेपची नुसती शोभेची एक पट्टी कमी केली, टेप १२ ची ८ ग्रॅम झाली. आता ४८७. दोन सेंटिमीटरची कड तशीच, वेढे तसेच. चारशे ग्रॅमच्या पुस्तकाला आडव्या-उभ्या नाल्यांचा तीन पदरी पुठ्ठा पुरतो. किलोभराच्या पुस्तकाला नाही पुरत.

उलटंही खरं आहे. पुस्तकच ४८० ग्रॅमचं असेल, तर पाकीट ५०० च्या वर जाणारच. मग हात आखडू नका, किलोपर्यंत एकच दर आहे. जाड पुठ्ठा घाला, कड तीन सेंटिमीटर ठेवा, पैसा वाढत नाही. किंवा गिऱ्हाइकाला विचारा, अजून एक पुस्तक हवं का. दोन वेगळ्या पाकिटांचे निदान पंचावन्न रुपये लागतात, तिथे किलोच्या आत बसलं तर एकाचे पस्तीस. दोन पुस्तकं एकत्र बांधताना मात्र मध्ये कागद घाला आणि एकाची पाठ डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे ठेवा. पाठीची बाजू जाड असते, दोन्ही एकीकडे आल्या की गठ्ठा तिरका होतो आणि सरकतो.

सगळंच ज्ञान पोस्टात जाईल असं धरणं

दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन मी काउंटरवर गेलो आणि परत आलो. ठराविक काळाने निघणारी प्रकाशनं यात बसत नाहीत, आणि दिवाळी अंक शेवटी नियतकालिकच. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं, त्यामुळे झेरॉक्स करून शिवलेल्या नोट्सही बाद. आत खाजगी पत्र घालू नका. “पुस्तक आवडलं तर जरूर कळवा” एवढ्या चिठ्ठीवरूनही वाद होतो. आणि पाकीट घरून चारी बाजूंनी टेप मारून नेऊ नका. आमच्या पोस्टातले काका एकदा म्हणाले, “बाब, आत पुस्तकच असा म्हणून कशावरून?” आणि मला तिथेच कात्री मागावी लागली. आता एक बाजू उघडी ठेवतो, दाखवतो, आणि टेप काउंटरवर लावतो.

जुलैतलं पुस्तक कपाटातून थेट पिशवीत

पावसाळ्यात आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पितो. ओलसर पुस्तक प्लास्टिकमध्ये हवाबंद केलं, तर आठवडाभराच्या प्रवासात आत बुरशीचा वास धरतो आणि पानं लाटांसारखी होतात. आदल्या रात्री पुस्तक पंख्याखाली उभं, थोडं उघडं ठेवा. पिशवीचं तोंड दुमडून एकाच ठिकाणी टेप लावा, चारी बाजूंनी नको. पिशवी पुस्तकाच्या अंगाला हवी, फक्त बाहेरून नको, कारण बाहेरची फाटते. पुठ्ठाही कोरडा लागतो. दमट पुठ्ठा बोटाने दाबला तरी खचतो आणि त्यावर टेप धरत नाही. पत्ता बॉलपेनने लिहा, जेलपेनचा पहिल्या सरीत ओघळतो. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा.

तक्रार आली तर पुस्तकाचा फोटो मागणं

आधी पाकिटाचा फोटो मागा, मग पुस्तकाचा. पाकिटाचा कोपरा चेपलेला आणि पुस्तकाचा त्याच जागी दुमडलेला, तर कड कमी पडली, पुढच्या वेळी वाढवा. पाकीट धड आणि कोपरा दुमडलेला, तर पुस्तक आत घसरत होतं, जखडणं चुकलं. एकच कोपरा नव्हे तर पूर्ण कड बोथट झाली असेल, तर बहुधा वर जड गठ्ठे रचले गेले आणि पातळ पुठ्ठा खचला. चारही कोपरे सारखेच मऊ आणि वर वळलेले असतील, तर तो मार नाही, ओल आहे. नागपूरच्या गिऱ्हाइकाला मी निम्मे पैसे परत केले. त्याने फोटोत खोक्याची बाजू दाखवली नसती, तर मी अजूनही टपालालाच शिव्या देत बसलो असतो.