पाणी-सिमेंट गुणोत्तराचा आलेख वेडावाकडा येतोय? या चुका टाळा

०.४५, ०.५०, ०.५५, ०.६० अशा गुणोत्तरांचे काँक्रीटचे क्यूब फोडले की पाणी वाढेल तशी ताकद उतरायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा ०.५०चे क्यूब ०.५५च्या खाली येतात आणि दोष सिमेंटवर जातो. आधी खडी-वाळूकडे बघा.

आपल्याकडची खडी बेसाल्टची. घट्ट काळा दगड पाणी कमी पितो, पोकळ्यांचा मांजऱ्या बराच जास्त. क्रश सँड तर ढिगातून ओलीच येते. समजा, एका बॅचला ४ किलो सिमेंट, कोरडी धरून ८ किलो सँड आणि १४ किलो खडी आहे. गुणोत्तर ०.५०, म्हणजे पाणी २ लिटर. सँडमध्ये ६ टक्के ओल आहे आणि ती स्वतः ३ टक्के शोषते. उरलेले ३ टक्के, म्हणजे २४० मिली पाणी सिमेंटला मिळते. तुम्ही २ लिटर ओतलेत तर खरे गुणोत्तर ०.५६ झाले! दुसऱ्या दिवशी सँड वाळलेली असेल तर तीच उलट पाणी ओढून घेते.

म्हणून प्रत्येक बॅचआधी ५०० ग्रॅम सँड तव्यावर पूर्ण कोरडी करून वजन करा. ४७२ ग्रॅम भरली, तर २८ भागिले ४७२, ओल सुमारे ६ टक्के. मग सँड ८.४८ किलो घ्यायची आणि पाणी १.७६ लिटर. खडीचाही असाच हिशोब करा. ती आदल्या दिवशी भिजवून पृष्ठभाग पुसून घेतली तर हिशोब सोपा होतो. ओल मोजल्यावर ढीग झाकून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत आकडा बदलतो.

दुसरी गडबड कमी पाण्याच्या टोकाला होते. ०.४०चे मिश्रण इतके ताठ असते की सळईने ठोकूनही कोपऱ्यांत पोकळ्या राहतात आणि ताकद ०.४५पेक्षा कमी दिसते. हे वजनावरून कळते. १५० मिमीचा क्यूब साधारण सव्वाआठ ते साडेआठ किलो भरतो, ०.४०चे क्यूब बाकीच्यांपेक्षा पाव किलो हलके असतील तर आत हवा आहे. तिथे पाण्याचा हात सैल सोडू नका. व्हायब्रेटिंग टेबल वापरा किंवा सुपरप्लास्टिसायझर घाला. त्यातले पाणीही हिशोबात धरायचे.

मशीनवर थापीने सपाट केलेली बाजू वर ठेवू नका, भार साच्याला टेकलेल्या बाजूंवर द्या. क्यूब टाकीतून काढल्यावर ओलाच तपासा, कोरडा क्यूब उगाच जास्त आकडा देतो. भाराचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे १५०च्या क्यूबला ३१५ किलोन्यूटन. फुटल्यावर चारही बाजू सारख्या सुटून मध्ये डमरूसारखा आकार राहिला तर ठीक. एकच कोपरा ढासळला असेल तर क्यूब मधोमध बसला नव्हता, किंवा प्लेटवर खडा होता. तो आकडा आलेखात घेऊ नका; पण फक्त कमी आला म्हणून कुठलाही आकडा काढून टाकायचा नाही.