विनोदातला युक्तिवाद वाचताना या चुका टाळा: ‘राग दरबारी’च्या निमित्ताने

श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही हिंदी कादंबरी 1968 साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उत्तर प्रदेशातलं शिवपालगंज हे काल्पनिक गाव, तिथले सर्वेसर्वा वैद्यजी, त्यांचं इंटर कॉलेज, त्यांची सहकारी संस्था आणि प्रकृती सुधारायला या मामाकडे आलेला, इतिहासात एम.ए. झालेला रंगनाथ. हिंदी साहित्याच्या पेपरात किंवा वाचनकट्ट्यावर या कादंबरीबद्दल लिहिताना बहुतेक लेखांत त्याच त्या चुका होतात. कादंबरी हसवते हे लेखात असतं, ती भ्रष्टाचारावर बोट ठेवते हेही असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, एवढंच नसतं.

सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे विनोदाला वरचा मुलामा समजणं. ‘लेखकाने विनोदाच्या आधारे समाजातील विसंगतींवर प्रहार केला आहे’ हे वाक्य लिहून झालं की विश्लेषण झालं असं वाटतं. हे वाक्य कुठल्याही विनोदी कादंबरीला चालतं, म्हणजे ते या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. चूक पकडायची सोपी रीत आहे. प्रसंग विनोद काढून एका ओळीत लिहायचा आणि काय गळालं ते बघायचं. सहकारी संस्थेतला प्रसंग घ्या. ‘संस्थेच्या धान्यात अफरातफर होते आणि अध्यक्ष ती पचवतात’ हा झाला त्याचा सांगाडा. कादंबरीत वैद्यजी जे म्हणतात त्याचा आशय असा: आजवर आपल्या संस्थेत गबन झालं नव्हतं, म्हणून लोक आपल्याकडे संशयाने बघायचे; आता गबन झालं आणि आपण ते लपवलं नाही, तेव्हा आपण खरी माणसं ठरलो. हसू येतं ते या तर्कात कुठे फट सापडत नाही म्हणून. आजूबाजूला सगळीकडे गबन गृहीतच असेल, तर गबन न झालेली संस्था खरोखरच संशयास्पद दिसणार. चोरी झाली हा लेखकाचा मुद्दा नाही. चोरीने प्रामाणिकपणाची भाषाच ताब्यात घेतली आहे, हा मुद्दा आहे आणि तो फक्त या विनोदातच मांडलेला आहे. सांगाड्यात तो उरत नाही.

दुसरी चूक सुटं वाक्य उचलण्याची. सध्याची शिक्षणपद्धती म्हणजे रस्त्यात पडलेली कुत्री, तिला कोणीही लाथ मारावी, या अर्थाचं या कादंबरीतलं वाक्य भाषणांत आणि पोस्टरांवर शिक्षणव्यवस्थेवरची टीका म्हणून वापरलं जातं. मूळ जागी जाऊन बघा. पहिल्याच प्रकरणात रंगनाथ ट्रकमधून गावाकडे निघाला आहे, आणि त्या वाक्याला लागूनच निवेदक सांगतो की ड्रायव्हरनेही जाता जाता तिच्यावर एक शेरा मारून घेतला. म्हणजे रोख निव्वळ शिक्षणावर नाही. काही करायचं नसताना त्याला फुकटची लाथ घालून जाणाऱ्या प्रत्येकावर आहे, आणि ते वाक्य पोस्टरवर छापणाराही त्यात आला. म्हणून उतारा देताना आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचल्याशिवाय देऊ नये, आणि वाक्य पात्राचं की निवेदकाचं हे लेखात स्पष्ट लिहावं.

लंगड या पात्राच्या बाबतीत वेगळीच गडबड होते. त्याला एका दिवाणी दाव्यासाठी तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. कारकून पाच रुपये मागतो, हा दोनवर अडतो. वाद पेटतो आणि दोघंही शपथ घेतात: लंगड लाच देणार नाही, नियमानेच नक्कल घेईल, कारकून लाच घेणार नाही, नियमानेच नक्कल देईल. मग अर्जात कधी ही चूक निघते, कधी ती, आणि लंगड कादंबरीभर कचेरीच्या वाऱ्या करत राहतो. बहुतेक लेख त्याला ‘व्यवस्थेचा बळी ठरलेला सामान्य माणूस’ म्हणतात आणि पुढे सरकतात. त्यात या प्रसंगाचा खिळाच निसटतो. भांडणाची सुरुवात तत्त्वावरून झालेली नाही, दरावरून झाली आहे. लंगड दोन रुपये द्यायला तयार होता. शिवाय शपथेनंतर कारकून एकही नियम मोडत नाही. त्याला खलनायक केलंत की सगळा दोष एका वाईट माणसावर जातो आणि व्यवस्था सुटते. कादंबरीचं म्हणणं याहून कठोर आहे: लाच दिली तर काम होतं, पण फक्त नियम चालवला तर तोच माणसाला लाचेपेक्षा महागात पडतो.

हे कळायला लंगडचे प्रसंग पानांच्या क्रमाने वेगळे काढून वाचावे लागतात. पुनरावृत्तीचा विनोद एका प्रसंगात तपासता येत नाही. सुरुवातीला आपण दोन हट्टी माणसांना हसतो. पुढे पुढे लंगड दिसला की पात्रं त्याच्याकडे करमणूक म्हणून बघू लागतात आणि वाचकालाही ती सवय लागते. शेवटी नक्कल तयार होते, तशी सूचना कचेरीच्या फळ्यावर लागते, पण लंगड तापाने पडलेला असल्यामुळे मुदतीत पोचत नाही. न नेलेली नक्कल नियमाप्रमाणे फाडली जाते. रचना पहिल्या विनोदाचीच आहे, तोच नियम, तीच निरागस अंमलबजावणी. हसू मात्र येत नाही. ते नेमकं कोणत्या प्रसंगापाशी थांबलं हे प्रत्येकाने स्वतःच्या वाचनात शोधून लिहावं. युक्तिवाद पूर्ण होतो तो तिथे.

रंगनाथकडे दुर्लक्ष करणं हीसुद्धा मोठी चूक आहे. तो शिकलेला, बाहेरून आलेला, त्यामुळे आपण त्याच्या बाजूला उभं राहून गावाला हसतो आणि ‘खेड्यातल्या राजकारणाचं चित्रण’ असा मथळा देऊन मोकळे होतो. शेवटाकडे ‘पलायन-संगीत’ येतं आणि निवेदक थेट ‘तू’ म्हणून बोलू लागतो: तू मध्यम कुवतीचा माणूस, माणुसकीच्या चिखलात रुतला आहेस, पळ. पळायचं कुठे, तर लेखन, संशोधन, परिषदा अशा सुरक्षित जागी. ज्या वर्गातला माणूस ही कादंबरी वाचतो आणि तिच्यावर लेख लिहितो, त्याच्यावरच उपरोध उलटतो. रंगनाथ सगळं बघतो, चिडतो आणि निघून जातो. त्याच्या जाण्याचा हिशेब न मांडता केलेलं विश्लेषण अर्ध्यावर थांबलेलं असतं.

आणि आपल्या आवडत्या कादंबरीचा प्रत्येक विनोद योग्य बाजूचाच असणार, असं धरून चालू नये. पहिल्या प्रकरणात संध्याकाळी रस्त्याच्या कडेला शौचाला बसलेल्या बायका गाठोड्यांसारख्या दिसतात आणि ट्रक येताच उठून उभ्या राहतात. गावात संडास नाहीत ही वस्तुस्थिती त्यात आहे, पण हसू व्यवस्थेवर येतं की त्या बायकांच्या अवघडलेपणावर? माझं मत स्पष्ट आहे: इथे विनोदाची किंमत बायका मोजतात. लंगडवर हसल्याचा जाब कादंबरी वाचकाला पुढे विचारते, या बायकांच्या बाबतीत तसं होत नाही. गावातल्या गयादीनच्या मुलीबद्दल, बेलाबद्दलही गावभर चर्चा चालते, ती स्वतः मात्र जवळजवळ दिसतच नाही. पुरुषांच्या दरबाराचं चित्र म्हणून याचं समर्थन करता येईल. पण ते करायचं तर बेलाचा उल्लेख असलेली पानं काढून, तिथे कोण बोलतं आणि कोणाच्या जिवावर हशा पिकतो, हे एकेका प्रसंगात दाखवावं लागेल.