उघडीप मिळाली की फवारणी: बॅटरी पंप चार्ज व्हायला खरंच किती तास?

सोयाबीन फुलोऱ्यात, कपाशी पात्या-फुलांवर आणि पाऊस मध्येच एक-दोन दिवस थांबलेला. अशा वेळी फवारणीची सगळी घाई एकदम येते, आणि त्याच दिवसांत वादळवाऱ्यानं लाइनवर फॉल्ट झालेला असतो. संध्याकाळी सहाला वीज आली आणि दहाला जाणार असली, तर हातात चार तास आहेत. सकाळी रानात गेल्यावर पंप किती टाक्या काढेल, हे आदल्या रात्रीच काढता येतं.

पाठीवरच्या बऱ्याच बॅटरी पंपांत १२ व्होल्ट, ८ एएचची शिशाची बंद बॅटरी असते. काहींत १२ एएचचीही येते. एएच म्हणजे अँपिअर-तास, आणि हा आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. दुसरा आकडा चार्जरच्या लेबलवर बघायचा. तिथे दोन ओळी असतात, इनपुट आणि आउटपुट, आणि चूक इथेच होते. इनपुटची ओळ घरच्या विजेची असते, आपल्याला हवा तो आउटपुटचा अँपिअर. या पंपांसोबत १.७ अँपिअरचा चार्जर बऱ्याचदा येतो. एखादा जुना चार्जर १ अँपिअरचाही निघतो.

आता ८ ला १.७ नं भागलं की ४.७ येतात, म्हणजे पावणेपाच तास. दुकानदार सांगतो तो हाच हिशोब, पण बॅटरी त्या वेळेत भरत नाही. चार्जर पूर्ण १.७ अँपिअर देतो तो बॅटरी साधारण ८० टक्के भरेपर्यंतच. तोवर तिचा व्होल्टेज चढत चढत चार्जरच्या मर्यादेला, म्हणजे साडेचौदा व्होल्टच्या आसपास पोचलेला असतो. तिथून पुढे चार्जर व्होल्टेज वाढवत नाही, त्यामुळे आत जाणारा करंट उतरायला लागतो. गच्च भरत आलेल्या पोत्यात शेवटचे धान्य दाबून दाबून भरावे लागते, तसंच हे. शिवाय दिलेल्या विजेपैकी काही भाग उष्णतेत जातो, म्हणून ८ एएच परत भरायला ८ पेक्षा जरा जास्तच द्यावे लागतात.

८ एएचची पूर्ण उतरलेली बॅटरी १.७ च्या चार्जरला लावली, तर पहिल्या चार तासांत ती जवळपास ८० टक्क्यांवर येते. पाचव्या तासात करंट सरासरी एका अँपिअरच्याही खाली येतो, सहाव्यात अर्ध्यावर, सातव्यात पाव ते तीन दशांश, आणि आठव्यात अगदीच नावापुरता. शेवटच्या २० टक्क्यांना पहिल्या ८० टक्क्यांइतकाच वेळ लागतो. आकडे बॅटरीच्या वयाप्रमाणे थोडे मागेपुढे होतील, पण उतरण अशीच असते.

म्हणून हिशोब दोन भागांत ठेवावा. भागाकाराचे जे तास येतील त्यांतला सहावा-सातवा हिस्सा वजा केला की ८० टक्क्यांची वेळ मिळते. पूर्ण भरण्यासाठी तोच भागाकार दीडपट ते पावणेदोनपट धरावा. ८ एएचला हे चार आणि सात ते आठ तास होतात. १२ एएचच्या बॅटरीला तोच चार्जर असेल तर ८० टक्क्यांना सहा तास आणि पूर्णला साडेदहा ते बारा तास, म्हणजे तिला रात्रभर वीज लागतेच.

आता रानातला हिशोब. समजा तुमचा पंप भरलेल्या बॅटरीवर १६ लिटरच्या १५ टाक्या काढतो. हा आकडा बॉक्सवरचा घेऊ नका, एकदा स्वतः मोजा, कारण नोझल आणि बॅटरीच्या वयाप्रमाणे तो बदलतो. कपाशीला एकरी २०० लिटर पाणी धरलं तर साडेबारा टाक्या लागतात. चार तासांच्या चार्जिंगवर १५ च्या ८० टक्के, म्हणजे १२ टाक्या निघतील. एकर पार पडायला अर्धी टाकी कमी. पाचव्या तासाच्या सुरुवातीला करंट अजून बरा असतो, म्हणून आणखी अर्धा तास मिळाला तरी ही तूट सहज भरते. पण दहा वाजता वीज जाणारच असेल, तर बॅटरी दुपारीच थोडी लावून ठेवावी, किंवा काठावरची ओळ संध्याकाळसाठी राखावी.

मध्येच वीज गेली तर आधीचं चार्जिंग वाया जात नाही. दोन-दोन तासांचे तुकडे जोडून चालतात. मात्र जाड, जड ट्रान्सफॉर्मरचा जुना चार्जर असेल आणि गावात व्होल्टेज १७० ला आलेला असेल, तर तो दाखवलेला करंट देत नाही, आणि तास वाढतात. हलका, नवा चार्जर बहुधा कमी व्होल्टेजवरही सांभाळून घेतो. त्याच्या इनपुटच्या ओळीत १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

८० टक्क्यांवर रोज भागवायचं मात्र नाही. शिशाची बॅटरी सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची क्षमता कायमची घटते. घाईच्या दिवशी चार तास चालतील, पण वीज असेल तेव्हा आठवड्यातून एकदा तरी हिरवा दिवा लागेपर्यंत, आणि वर तासभर, चार्ज करा. हिरवा दिवा करंट बराच उतरल्यावर लागतो, तोवर शेवटचा घोट राहिलेला असतो. फवारून आल्यावर उतरलेली बॅटरी दोन दिवस तशीच ठेवणं हे सगळ्यात वाईट.

दिव्यावरून आणखी दोन गोष्टी कळतात. रिकामी बॅटरी लावल्यावर अडीच-तीन तासांतच हिरवा लागला, तर बॅटरी लवकर भरली असं नाही. तिच्यात जागाच उरलेली नाही. ८ एएचची बॅटरी वापरून ४-५ एएचची झाली की असंच होतं, आणि पंप रानात सात-आठ टाक्यांत बसतो. उलट, लाल दिवा रात्र उलटली तरी जात नसेल आणि बॅटरी हाताला चांगली गरम लागत असेल, तर आतला सेल शॉर्ट झालेला असू शकतो. चार्जर काढा, ती बॅटरी पुन्हा लावू नका. मल्टिमीटर असेल तर चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजा. १२.८ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा.

घाईत वेळ वाचवायला म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीचा १० अँपिअरचा चार्जर या लहान बॅटरीला लावणारे दिसतात. ८ एएचच्या बॅटरीला साधारण दोन ते अडीच अँपिअरच्या वर जाऊ नये, नाही तर ती तापते, फुगते. पंपात लिथियम बॅटरी असेल तर तिची शेवटची उतरण बरीच आखूड असते, भागाकाराच्या वर १० ते २० टक्के धरले तरी पुरतात. पण तिला तिचाच चार्जर हवा, शिशाच्या बॅटरीचा नाही. पिन बसते म्हणून लावू नका.

ज्यांच्याकडे दोन-तीन एकर एकाच उघडिपीत उरकायचे आहेत, त्यांनी नवा पंप घेण्यापेक्षा दुसरी बॅटरी आणि दुसरा चार्जर घ्यावा. चार तासांच्या विजेत दोन बॅटऱ्या एकाच वेळी ८० टक्क्यांवर येतात, म्हणजे २४ टाक्या. एका बॅटरीला आठ तास लावून मिळतात त्या १५च.